रुग्णालयाला आभाराचं पत्र लिहिताय? मग या चुका टाळा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उसाचा पाला गोळा करताना घोणस चावलेले करवीर तालुक्यातले एक काका आमच्या अतिदक्षता विभागातून ठणठणीत बरे होऊन घरी गेले. स्वतःचं गुऱ्हाळ असलेला, बोलायला मोकळा माणूस. घरी गेल्यावर पंधरा दिवसांत त्यांचं दोन पानी आभाराचं पत्र आलं, आणि त्या पत्रामुळे ज्या सिस्टरनी त्यांच्यासाठी रात्र जागून काढली, त्यांनाच लेखी खुलासा द्यावा लागला.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात मेट्रनबाईंच्या म्हणजे अधिसेविकांच्या कार्यालयात काम करत होते. येणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर यायचं. तक्रारी तर यायच्याच, पण आभाराची पत्रंही बरीच यायची, आणि त्यातली निम्मी तरी कुणाच्याच उपयोगाची नसायची. थोडी तर चक्क अपाय करणारी असायची. काकांचं पत्र त्यातलं.

त्यातला मधला भाग असा होता:

"रात्री मला हुडहुडी भरून अंगावर गांधी उठल्या. त्या वेळी डॉक्टर जागेवर नव्हते. पण सिस्टरनी कुणाची वाट बघितली नाही. स्वतःच्या हिमतीवर औषध बंद करून दुसरे इंजेक्शन दिले व माझा जीव वाचवला. माझ्या मंडळींना रात्रभर माझ्यापाशी बसू दिले. मावशींनी एवढी सेवा केली, त्यांना मी खुशीने दोनशे रुपये दिले."

वाचायला किती गोड वाटतं! आता हेच व्यवस्थापनाच्या खुर्चीत बसून वाचा. अतिदक्षता विभागात डॉक्टर जागेवर नव्हते. सिस्टरने डॉक्टरांच्या आदेशाशिवाय इंजेक्शन दिलं. नातेवाइकाला नियम मोडून रात्रभर आत ठेवलं. मावशीने पेशंटकडून पैसे घेतले. चार वाक्यांत चार तक्रारी, आणि खाली पेशंटची सही. अधीक्षकांना हे वाचून गप्प बसता येत नाही, कारण उद्या काही झालं तर "तुमच्याकडे लेखी आलं होतं" असं कुणीही म्हणू शकतं. त्यांनी शेरा मारला, सिस्टरला मेमो गेला आणि 48 तासांत खुलासा मागवला गेला.

केसपेपर काढल्यावर वेगळंच चित्र दिसलं. रात्री 2:35 ला प्रतिविषाच्या सलाईनवर काकांना रिअ‍ॅक्शन आली होती. सापाचं प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनवतात, त्यामुळे काही पेशंटना ते सोसत नाही. अंगावर गांधी, थंडी, कधी धाप, असं काही दिसलं की ते तिथल्या तिथे थांबवायचं असतं. सिस्टरने तेच केलं. डॉक्टर खाली अपघात विभागात दुसऱ्या पेशंटपाशी होते. त्यांना फोन लावला, त्यांनी फोनवर सांगितलेलं इंजेक्शन दिलं, वेळ लिहून ठेवली, आणि दहा मिनिटांत डॉक्टरांनी वर येऊन त्यावर सही केली. म्हणजे सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. काकूंनाही रात्रीतून दोनदा, दहा-दहा मिनिटं आत सोडलं होतं. थंडीने कुडकुडणाऱ्या काकांना ती रात्रभर वाटली.

खुलासा मान्य झाला. पण मधले आठ दिवस ती पोरगी रडकुंडीला आली होती. मी काकांना फोन केला तेव्हा ते बिचारे गांगरूनच गेले. "आवो बाई, मी तर कौतिक केलंय न्हवं? वाईट काय लिवलंय त्यात?"

काकांनी कुठल्या चुका केल्या, ते नीट पाहू. हल्ली व्यवस्थापनाला द्यायचं आभाराचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नमुना बघून लिहितात, आणि त्या नमुन्यांमध्ये नेमक्या याच जागा रिकाम्या असतात.

न पाहिलेलं लिहिणं

पडल्या पडल्या पेशंटला छत, सलाईनची बाटली आणि समोरचा माणूस एवढंच दिसतं. डॉक्टर कुठे होते, फोनवर काय बोलणं झालं, इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून दिलं, हे त्याला दिसत नाही. मग मधल्या रिकाम्या जागा मन भरून काढतं, आणि कौतुक करायच्या नादात ती नाट्यमय भरली जातात. "डॉक्टर नव्हते", "कुणाला न विचारता", "नियम बाजूला ठेवून", "ड्युटी संपली होती तरी": ही सगळी वाक्यं आपल्याला शाबासकी वाटतात, पण आतल्या माणसाला ती कबुलीजबाब वाटतात.

उपाय सोपा आहे. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं आणि अंगाला जाणवलं तेवढंच लिहा. काकांचा तोच प्रसंग असा लिहिता आला असता: "रात्री अडीचच्या सुमारास मला एकदम थंडी वाजायला लागली व अंगावर गांधी उठल्या. सिस्टर लगेच आल्या, त्यांनी चालू असलेले औषध थांबवले व फोन केला. डॉक्टर येईपर्यंत त्या माझ्यापाशीच उभ्या होत्या. श्वास घ्यायला त्रास होतोय का, असे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या." यात खोटं काही नाही, कुणावर बोट नाही, आणि सिस्टरने काम किती चोख केलं ते जाणकाराला पहिल्या पत्रापेक्षा जास्त कळतं. औषध थांबवलं, कळवलं, पेशंटजवळ थांबली, श्वासाकडे लक्ष ठेवलं. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळतील असं हे वागणं आहे.

पत्रात चूक राहिली आहे का, हे ओळखायची एक युक्ती सांगते. प्रत्येक वाक्याच्या पुढे "असं का?" हा प्रश्न लावून बघा. "सिस्टर माझ्यापाशी उभ्या होत्या." असं का? कारण पेशंटला त्रास होत होता. मिटलं. "डॉक्टर जागेवर नव्हते." असं का? आता याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागणार. ज्या वाक्याचं उत्तर कर्मचाऱ्याला द्यावं लागेल, ते वाक्य काढा.

पैशांचं तर नावच काढू नका. बहुतेक रुग्णालयांत पेशंटकडून बक्षिसी घ्यायला मनाई असते, आणि सरकारी रुग्णालयात महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू असतात. तुम्ही मायेने हातात ठेवलेल्या दोनशेच्या नोटेचा पत्रातला उल्लेख मावशीची नोकरी धोक्यात आणू शकतो. मुळात ते देऊच नयेत, हे माझं मत. पण दिलेच असतील तर निदान लेखी पुरावा तरी देऊ नका.

"सर्व स्टाफचे आभार" आणि कोल्हापुरातल्या पाटील सिस्टर

दुसरी चूक याच्या उलटी. इतकं मोघम लिहायचं की पत्र कुणाचंच राहत नाही. "डॉक्टर देवासारखे धावून आले, सर्व नर्सेस, ब्रदर, मामा, मावशी यांनी मनोभावे सेवा केली, त्यांच्या ऋणात राहू इच्छितो." असली पत्रं फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. नेमकं पत्र आलं तर ज्याचं नाव त्यात आहे त्याच्या वैयक्तिक फाइलमध्ये त्याची प्रत जाते. आमच्याकडे ती वॉर्डच्या बोर्डावर लागायची आणि 12 मेच्या परिचारिका दिनाला वाचूनही दाखवली जायची. सिस्टर लोकांना मेमो लेखी मिळतात, शाबासकी बहुतेक तोंडीच मिळते. म्हणून या कागदाला किंमत आहे.

मग नाव लिहावं म्हटलं, तर लोक लिहितात "पाटील सिस्टर". कोल्हापुरात! आमच्या एकेका वॉर्डात तीन-तीन पाटील सिस्टर होत्या. एकदा अशाच पत्रावरून भलत्याच पाटीलबाईंचा सत्कार झाला होता आणि खऱ्या पाटीलबाई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. काही जण नाव आठवत नाही म्हणून "त्या जाडशा सिस्टर", "काळ्यासावळ्या ब्रदर" असं वर्णन करतात. ते पत्र बोर्डावर कसं लावायचं, सांगा.

नाव माहीत नसलं तरी काही अडत नाही. तारीख, पाळी, वॉर्ड आणि खाट क्रमांक एवढं दिलं की ड्युटी रजिस्टरवरून माणूस सापडतो. आमच्याकडे सकाळपाळी 8 ते 2, दुपारपाळी 2 ते 8 आणि रात्रपाळी रात्री 8 ते सकाळी 8 अशी असायची. प्रत्येक ठिकाणी थोडा फरक असेल, पण अंदाजे वेळ लिहिली की पाळी कळते.

इथे एक खाचखळगा आहे, त्यात बहुतेक जण पडतात. रात्रपाळी रजिस्टरमध्ये सुरू झालेल्या तारखेवर असते. काकांना त्रास झाला तो 15 नोव्हेंबरला पहाटे अडीचला, पण ती पाळी 14 तारखेची. काकांनी "15 तारखेच्या रात्री" असं लिहिलं असतं, तर आम्ही 15 ला रात्री आठला आलेल्या, दुसऱ्याच सिस्टरचं नाव काढलं असतं. म्हणून मध्यरात्रीनंतरचा प्रसंग असेल तर "14 तारखेच्या रात्रपाळीत, म्हणजे 15 च्या पहाटे अडीचला" असं दोन्ही लिहा.

तारखा आठवत नसतील तर डिस्चार्ज कार्ड हातात घ्या. त्यावर आंतररुग्ण क्रमांक, दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख असते. तो क्रमांक पत्राच्या वरच्या भागात लिहिला की केसपेपर निघतो, आणि तुमचं म्हणणं ताडून बघता येतं. बरोबर राहिलेल्या माणसालाही विचारा. तापात, भुलीत, झोपेच्या औषधाखाली काळवेळाचं भान राहत नाही, आणि काकूंची आठवण काकांपेक्षा कितीतरी पक्की होती.

मावशी, मामा आणि सिक्युरिटीवाले यांचं थोडं वेगळं आहे. बऱ्याच ठिकाणी ते कंत्राटदाराकडून आलेले असतात, त्यांची फाइल रुग्णालयात नसतेच. त्यांच्याबद्दल लिहिलं असेल तर शेवटी "याची प्रत सफाई विभागाच्या सुपरवायझरांनाही द्यावी" एवढी ओळ घाला, नाहीतर त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

एका पत्रात दोन कामं

आभार मानता मानता शेवटी "फक्त बिलाचं तेवढं बघावं" किंवा "बाकी दुपारच्या स्टाफने मात्र यांच्याकडून शिकावं" अशी शेपटी जोडली की आमच्या आवक-जावकवाल्याने पत्र तक्रारींच्या गठ्ठ्यात टाकलंच म्हणून समजा. आणि ज्या सिस्टरचं कौतुक केलंत, तिला उद्या त्याच दुपारपाळीतल्या बायकांबरोबर काम करायचं असतं. तक्रार असेल तर जरूर करा, पण वेगळ्या कागदावर.

शेजारच्या खाटेचंही असंच. "माझ्या शेजारी अमुक गावचा विष प्यालेला पोरगा होता, त्यालाही यांनी वाचवलं" हे वाक्य एका पत्रात होतं, गावाच्या नावासकट. ते पत्र बोर्डावर लागलं असतं तर आजूबाजूच्या दहा गावांना तो पोरगा कोण ते कळलं असतं. दुसऱ्या पेशंटबद्दल एक शब्दही नको.

तुमच्या स्वतःच्या माहितीचं काय करायचं, हे मात्र तुम्हीच ठरवायचं आणि ते पत्रातच लिहायचं. बोर्डावर लावलं तर चालेल का? फेसबुकवर टाकलं तर? नावासकट की नावाशिवाय? ही ओळ नसली तर चांगलं व्यवस्थापन पत्र दाबून ठेवतं आणि उत्साही व्यवस्थापन ते तुमच्या आजारासकट जगजाहीर करतं. दोन्ही तुम्हाला नको असेल. मोबाइल नंबरही मुख्य पत्रावर लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून टाचणी लावा, म्हणजे पत्र लावताना चिठ्ठी काढून घेता येते. आणि "इथे आल्यावर माणूस हमखास बरा होतो" अशी जाहिरातीची वाक्यं टाळा. जाहिरात करून पेशंट ओढणं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत गैर मानलंय, त्यामुळे जबाबदार डॉक्टरला असलं पत्र वापरताना अवघडल्यासारखं होतं.

काकांचं दुसरं पत्र

काका तपासणीला आले तेव्हा माझ्या टेबलापाशी बसले. आधीचं पत्र मागे घेता येत नाही, ते नोंदलेलं असतं. पण खुलासेवार दुसरं देता येतं. काकू शेजारी बसून तारखा सांगत होत्या, मुलगा लिहीत होता. पत्र असं झालं:

*प्रति,*
*मा. वैद्यकीय अधीक्षक*
*प्रत: मा. अधिसेविका*

*विषय: अतिदक्षता विभागातील कर्मचाऱ्यांचे आभार*
*आंतररुग्ण क्र. (डिस्चार्ज कार्डावरून). अतिदक्षता विभाग, खाट क्र. 4. दाखल 14 नोव्हेंबर, घरी सोडले 21 नोव्हेंबर.*

*महोदय,*

*घोणस चावल्याने मला 14 तारखेला संध्याकाळी दाखल केले होते. पुढील तीन गोष्टी मी स्वतः अनुभवल्या, त्या आपल्या कानावर घालतो.*

*14 तारखेच्या रात्रपाळीत, म्हणजे 15 च्या पहाटे अडीचच्या सुमारास, मला थंडी वाजून अंगावर गांधी उठल्या. ड्युटीवरच्या सिस्टरनी लगेच औषध थांबवले व डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर येईपर्यंत त्या माझ्यापाशी उभ्या राहून श्वासाची चौकशी करत होत्या. डॉक्टरांनीही येऊन मला व माझ्या पत्नीला काय झाले ते समजावून सांगितले.*

*दर सहा तासांनी माझे थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवत असत. पहिल्या दोन वेळा ते गोठले नाही. 15 तारखेला सकाळपाळीत ते गोठल्यावर सिस्टर नळी घेऊन आल्या व आडवी करून दाखवत म्हणाल्या, "काका, बघा, सांडत नाही." तेव्हा माझ्या जिवात जीव आला.*

*16 तारखेला दुपारी माझ्या पायाची सूज जास्त असताना मावशींनी पाय न दुखावता चादर बदलली. याची प्रत सफाई विभागाच्या सुपरवायझरांनाही द्यावी, ही विनंती.*

*माझ्या आधीच्या पत्रात डॉक्टर जागेवर नव्हते व सिस्टरनी न विचारता इंजेक्शन दिले, असे लिहिले गेले. ते मी पाहिलेले नव्हते, माझ्या समजुतीने लिहिले होते. माझी पत्नी रात्रभर नव्हे, दोनदा थोडा वेळ आत आली होती.*

*हे पत्र रुग्णालयात लावण्यास माझी हरकत नाही. रुग्णालयाबाहेर वापरायचे असल्यास माझे नाव व गाव देऊ नये.*

*सही, तारीख*
*(मजकूर मी सांगितला, मुलाने लिहिला.)*

काचेच्या नळीचा तो परिच्छेद मला सगळ्यांत आवडला होता. घोणसाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, आणि प्रतिविष लागू पडलंय की आणखी द्यायचं, हे ठरवायला ही साधी चाचणी करतात. वीस मिनिटं नळीला धक्का लागू न देणं, वेळ न चुकवता दर सहा तासांनी पुन्हा करणं, हे कंटाळवाणं काम. आभाराच्या पत्रात त्याचं नाव कधी येत नाही. मेट्रनबाईंनी तो परिच्छेद शिकाऊ मुलींना वाचून दाखवला. पेशंटला नळी दाखवायला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्या सिस्टरचं स्वतःचं होतं.

शेवटच्या ओळीतला कंसही महत्त्वाचा. मुलाने किंवा सुनेने पत्र लिहिलं असेल तर तसं सांगा. सही येत नसेल तर अंगठा चालतो. पेशंटच्या नावाने भलत्याच अक्षरातलं, सफाईदार भाषेतलं पत्र आलं की हे कर्मचाऱ्यानेच लिहून घेतलं असणार अशी शंका येते.

पत्र द्यायचं कुठे? वॉर्डात सिस्टरच्या हातात नको. ती स्वतःचं कौतुक स्वतः कशी वर नेणार! आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या झेरॉक्सवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात सगळ्यांत वर अधिष्ठाता असतात, तिथे पत्र त्यांच्या नावे लिहून वैद्यकीय अधीक्षक आणि अधिसेविका यांना प्रत द्यावी. महिनाभरात काही कळलं नाही तर तो आवक क्रमांक सांगून विचारता येतं. घरी गेल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत पत्र दिलेलं बरं, तोवर केसपेपर हाताशी असतो आणि सिस्टरची वॉर्ड-बदलीही झालेली नसते.

काकांच्या पत्रात शेवटी अजून एक ओळ होती, "सोबत पाच किलो गूळ पाठवत आहे." ढेप पिशवीत टेबलाखाली होतीच. ती ओळ मी खोडायला लावली, कारण मीटिंगमध्ये पत्र वाचल्यावर पहिला प्रश्न "गूळ कुणी घेतला?" हाच आला असता. गूळही कार्यालयात घेता येणार नाही, असं सांगितलं. काका जरा हिरमुसले, मग ढेप उचलून नातेवाइकांच्या जेवणाची सोय करणाऱ्या अन्नछत्रात देऊन आले आणि जाता जाता मला म्हणाले, "बाई, त्याची पावती घेतलीया बरं का."